छल्ल्यावरचा ए यू

नागपूरच्या इतवारीत भांड्यांवर नावं कोरणाऱ्या शालिकरामला इंग्रजीतलं पत्र वाचता येत नसे, पण कबुतराच्या पायातला छल्ला तो असा वाचायचा की जणू स्वतःच पासपोर्ट कार्यालयात बसलाय. कुणाच्या गच्चीवर थकलेलं शर्यतीचं कबुतर उतरलं की माणसं ते टोपलीत घालून थेट त्याच्या दुकानात आणायची. शालिकराम भिंग डोळ्याला लावून ऐटीत सांगायचा, "जी बी, म्हणजे इंग्लंड. एन एल, हॉलंड. बी ई एल जी, बेल्जियम. डी व्ही हाय तर जर्मन." मग छल्ल्यावरच्या सालावरून वय. बिनसांध्याचा छल्ला पिल्लू सातेक दिवसांचं असताना पंजावरून चढवतात, पंजा मोठा झाला की तो चढत नाही नि निघतही नाही, त्यामुळे साल खोटं बोलत नाही. त्याची बायको प्रेमिला म्हणायची, "घरातल्या लोकांचं वय इचारा यायले, सांगता येनार नाही." ते खरंच होतं.

दोन वर्षांपूर्वी कन्हानच्या भैय्याजींनी बाजारातून एक निळसर मादी विकत घेतली. भैय्याजी कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, आवाज अजून खाणीतलाच. शालिकरामने मादीचा पाय भिंगाखाली धरला. ए यू. ही अक्षरं त्याने कधी पाहिली नव्हती. पण आजवर त्याने कुणाला "माहीत नाही" म्हटलं नव्हतं, आणि ती सवय सुटायला वेळ लागणार होता. क्रिकेटच्या फलकावरचं ए यू एस त्याला आठवलं. "ऑस्ट्रेलिया," तो म्हणाला. "एस कोरायले जागा उरली नसंल."

झालं! भैय्याजींनी कबुतरांच्या ढाबळीवर कांगारू रंगवून घेतला. रंगाऱ्याने कांगारू कधी पाहिला नव्हता, त्यामुळे तो शेपटीवर बसलेल्या गाढवासारखा दिसत होता, तरी अख्खं कन्हान तो बघायला आलं. मादीचं नावच पडलं ऑस्ट्रेलिया. तिला मका, बाजरी, वाटाणा, हिवाळ्यात शेंगदाणे. फक्त मोकळं कधी सोडलं नाही. "सोडली तं समुद्र पार करून जाईल ना गा थे!" भैय्याजी म्हणायचे.

यंदा जानेवारीत भैय्याजींनी पितळी पाटी कोरायला टाकली, 'ऑस्ट्रेलिया निवास'. रविवारी पाटी लागणार, चाळीस माणसं जेवायला. त्याच आठवड्यात चेन्नईची कबुतरं शर्यतीसाठी ट्रकमधून नागपुरात आली. ती पहाटे इथून सोडतात, जे आधी आपल्या घरी पोचेल ते जिंकतं, आणि सोडतानाचा तो फडफडाट बघायला शालिकराम दरवर्षी जायचा. ट्रकवरच्या म्हाताऱ्या कबुतरवाल्याशी हिंदीत गप्पा मारताना त्याने ऐटीत ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली. म्हातारा इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला.

"ए यू अमेरिका का है, भाई! अमेरिकन रेसिंग पिजन युनियन. अक्षर युनियन का, फिर साल, फिर तीन अक्षर क्लब के, फिर नंबर. क्लब के सेक्रेटरी की बही में लिखा रहता है, कौन सा छल्ला किसने लिया."

अख्ख्या नागपुरात शालिकरामच्या शब्दावर माणसं कबुतरं घेत होती. एक छल्ला चुकला हे कळलं, तर उद्या त्याचे सगळेच छल्ले खोटे ठरणार. घरी येऊन त्याने मुलीला, वैभवीला, सगळं सांगितलं आणि वहीत उतरवून ठेवलेली त्या छल्ल्यावरची अक्षरं नि नंबर दाखवला. तिने युनियनच्या यादीत ती तीन अक्षरं शोधून क्लबच्या सेक्रेटरीला मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं आणि वैभवी मोठ्याने ओरडली.

"बाबा! हा छल्ला त्यायच्या मेंबरनं घेतला होता. अश्विन कारेमोरे! त्या साली थो काही छल्ले इंडियात वडिलांसाठी घेऊन गेला होता म्हन्ते."

शालिकरामने ते नाव तिला पुन्हा वाचायला लावलं. म्हणजे रामटेकच्या, त्याच्या ओळखीच्या महादेवराव कारेमोरेंचा मुलगा! महादेवरावांची धानाची शेती, त्यांना कबुतरांचा नाद. छल्ला अमेरिकेचा, पण पिल्लू अंड्यातून निघालं होतं रामटेकला. म्हणजे अक्षरांनी छल्ला कुणी दिला तेवढंच सांगितलं होतं, अंडं कुठलं ते नव्हे. ऑस्ट्रेलिया तर सोडाच, बाई कन्हानहून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवरची होती! तो हसू लागला, मग घाबरला, मग पुन्हा हसू लागला. "त्या सेक्रेटरीले सांग, पोराले इतक्यात काही बोलू नका, आधी मी भैय्याजीले सांगतो," एवढंच कसंबसं म्हणाला.

रविवारी कन्हानला पंगत बसायच्या आत त्याने भैय्याजींना बाजूला घेतलं. पण भैय्याजींना बाजूला घेणं म्हणजे गावाला बाजूला घेण्यासारखं. सगळ्यांनी ऐकलं.

"मी चुकलो भैय्याजी. मले ए यू माईत नव्हतं, अन् मी माईत हाय म्हून सांगतलं. हे मादी रामटेकची हाय."

पंगतीत कुणीतरी फिस्सकन हसलं. भैय्याजी लालबुंद झाले. "माही ऑस्ट्रेलिया रामटेकची? अन् काहून सांगून राहिला तू आज? जेवन तं होऊ द्यायचं!" मग त्यांनी तावातावाने ढाबळीचं दार उघडलं. "थे माही हाय. जात नाही कुठंच. पाय तू!"

मादी उंबऱ्यावर आली, मान तिरकी केली आणि उडाली. वर एक फेरी, दुसरी फेरी. चाळीस माना गरगर फिरत होत्या, कढईतली भजी जळत होती. तिसरी फेरी तिने घेतलीच नाही. गावाची घरं ओलांडून सरळ ईशान्येला, रामटेकच्या दिशेने निघाली.

शालिकरामने महादेवरावांना फोन लावून सगळं सांगितलं, आणि फोन चालूच ठेवला. सत्तावीस मिनिटं कुणी जेवलं नाही. मग पलीकडून इतक्या जोरात ओरडण्याचा आवाज आला की भजीवाल्यानेही झारा टाकला. "आली! आली गा, आली!"

भैय्याजी हसत होते की रडत होते, कळेना. "स्कूटर काढ," ते म्हणाले. "दोन वर्स पोसली म्या. पोचली का नीट, पायतो."

रामटेकला महादेवराव अंगणात बसले होते, मादी मांडीवर. फोनवर अमेरिकेतून अश्विन दिसत होता, त्याच्याकडे अजून उजाडलंही नव्हतं. महादेवराव दोन वर्षं दर रविवारी मुलाला सांगत आले होते की, तू छल्ला घातलेली मजेत आहे, दाणे खाते. ससाण्याच्या धाडीत ती हरवली, हे सांगायची त्यांना हिंमतच झाली नव्हती. आज आनंदाच्या भरात सगळं तोंडातून निघून गेलं होतं.

"बाबा, म्हन्जे दोन वर्स तुमी खोटं बोलून राहिले होते मले?" अश्विन विचारत होता.

महादेवरावांनी मान खाली घातली. शालिकरामला ती मान चांगलीच ओळखीची वाटली, पंगतीसमोर त्याची स्वतःची अशीच झाली होती.

तेवढ्यात भैय्याजींनी पुढे होऊन फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला.

"खोटं कसं गा, पोरा? मजेतच होती थे. दाने खात होती. मी चारत होतो ना रोज."