मागं हटता येतं

शालूबाईंच्या पायाचं बोट काढावं लागलं, त्या दिवशी राजेश्वरी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर फाइल मांडीवर घेऊन बसली होती. फाइलमध्ये सगळं जागच्या जागी होतं. संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर शालूबाईंचा अंगठा, शेजारी त्रयस्थ साक्षीदाराची सही, खाली डॉक्टरांची सही. कुणीही तपासायला आलं असतं तरी कागदात खोट सापडली नसती.

राजेश्वरी मूळची वाईची. नर्सिंग करून सांगलीत आली, इथंच लग्न झालं, आणि बरीच वर्षं वॉर्डात काढल्यावर एका खासगी हॉस्पिटलच्या संशोधन विभागात समन्वयक झाली. नव्या औषधांच्या चाचण्या तिथं चालत. रुग्णाला चाचणी समजावून सांगायची, त्याची संमती घ्यायची, तारखा सांभाळायच्या, प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची, हे तिचं काम. मधुमेहामुळं पायाला झालेली जखम बरी करणाऱ्या एका मलमाची चाचणी तेव्हा चालू होती. निम्म्या लोकांना खरं मलम, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं मलम. कुणाला कोणतं, हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. नेहमीची मलमपट्टी दोन्हीकडं सारखीच.

शालूबाई कवलापूरच्या. मार्केट यार्डात हळद निवडायला जायच्या. मलम लावायला लागल्यापासून जखमेभोवती आग व्हायला लागली. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. तपासणीला आल्या की "बरं हाय" म्हणायच्या. पुढच्या तपासणीच्या आधीच जखम चिघळली, ताप चढला, मग मुलानं उचलून आणलं.

शालूबाई शुद्धीवर आल्यावर राजेश्वरीनं त्यांना विचारलं, आग होत होती तर सांगितलं का नाही, मलम बंद करता आलं असतं.

"आवं ताई, आंगठा दिला व्हता न्हवं," शालूबाई म्हणाल्या. "आंगठा दिल्यावर मागं कसं हटायचं? आन् हटलं तर तुमी पायाचं औषीदबी बंद केलं असतं."

संमतीपत्रात बाराव्या पानावर वाक्य होतं: 'सहभागी व्यक्ती अभ्यासाच्या कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता आपली संमती प्रत्याहृत करू शकते व तद्नंतर तिच्या प्रमाणित वैद्यकीय देखभालीवर विपरीत परिणाम होणार नाही.' राजेश्वरीनं ते स्वतः मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. शालूबाईंनी मान हलवली होती. साक्षीदारानंही हलवली होती.

रुग्णाला दाखल करावं लागलं म्हणजे गंभीर घटना. चोवीस तासांच्या आत मलम बनवणाऱ्या कंपनीला, सरकारी औषध नियंत्रकांना आणि रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीला कळवावं लागतं. तसं कळवलं. डॉ. जयराज चाचणीचे प्रमुख होते, भले माणूस, पण कायम घाईत. त्यांनी अहवालावर सही केली आणि कमिटी काय विचारेल याची काळजी करत बसले.

कमिटीनं एकच प्रश्न विचारला. त्रास होत असताना बाहेर पडता येतं, हे बाईंना माहीत होतं का?

डॉ. जयराजांनी अंगठ्याकडं बोट दाखवलं. कमिटीत एक सामान्य सदस्य असतात, डॉक्टर नसलेले. त्यांनी बारावं पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि 'प्रत्याहृत' म्हणजे काय ते शेजारच्या वकील सदस्यांना विचारलं. कमिटीनं पत्र दिलं: मराठी संमतीपत्र सोपं करा, तोवर नवीन रुग्ण घेऊ नका.

राजेश्वरीला वाटलं, आठ-दहा दिवसांचं काम.

पुण्याहून कंपनीच्या वतीनं चाचणीवर देखरेख करणारी प्रियंका फोनवर आली. तिचं म्हणणं, इंग्रजी मूळ प्रत संगणकावर तपासलेली आहे, आठवीच्या मुलाला कळेल अशी आहे. मराठी प्रत हे तिचंच भाषांतर, भाषांतर करणाऱ्या एजन्सीचं प्रमाणपत्र जोडलेलं आहे. मग अवघड कशी असेल? राजेश्वरीनं तिला ते वाक्य फोनवर वाचून दाखवलं. प्रियंका साताऱ्याची. तिनं ते पुन्हा वाचायला सांगितलं आणि मग म्हणाली, मसुदा पाठवा, पण इंग्रजीतलं काही सुटता कामा नये.

राजेश्वरी रोज ओपीडी संपल्यावर मसुद्याला बसायची. मोठी वाक्यं तोडली. 'सहभागी व्यक्ती' काढून 'तुम्ही' केलं. 'प्रत्याहृत' काढून लिहिलं: 'तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. सही किंवा अंगठा दिल्यावरसुद्धा. कारण सांगायची गरज नाही. तुमच्या जखमेचा नेहमीचा उपचार चालूच राहील.' हे वाक्य बाराव्या पानावरून उचलून पहिल्या पानावर आणलं. तिला स्वतःलाच बरं वाटलं.

रविवारी ती वाईला गेली आणि मसुदा आक्काताईंना वाचून दाखवला. आक्काताई तिची थोरली आत्या, सातवी शिकलेली, घाटाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान चालवणारी. वाचून झाल्यावर राजेश्वरीनं विचारलं, आता तुमच्या शब्दांत सांगा, यात काय करणार आहेत.

"नवं औषध निघालंय, पाय बरा करणारं. नशीब असंल त्याला मिळणार," आक्काताई म्हणाल्या.

राजेश्वरी नाराज झाली. चिठ्ठ्या टाकून गट ठरवतात, असं तिनं लिहिलं होतं. आक्काताईंना ती बक्षिसाची सोडत वाटली. आणि पाय बरा करणारं औषध असं तर तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. तिनं पानं पुन्हा उलटली. 'औषध' हा शब्द मात्र प्रत्येक पानावर होता. औषध म्हटलं की माणूस ते बरं करणार असंच धरतो. अवघड शब्द काढून भागत नव्हतं. तिनं सुरुवातच बदलली: 'या मलमानं जखम बरी होते की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. तेच आम्हाला शोधायचं आहे.' चिठ्ठ्यांच्या जागी छापा-काटा आणला. पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या परवानगीनं तिनं ओपीडीत बसलेल्या, चाचणीत नसलेल्या लोकांना ते वाचून दाखवलं आणि प्रत्येकाकडून उलट ऐकून घेतलं. बहुतेकांना कळलं. कळलं नाही तिथं तिनं पुन्हा लिहिलं.

डॉ. जयराजांना पहिलं वाक्य आवडलं नाही. "मॅडम, असं लिहिलं तर कोण येईल?" ते म्हणाले. आधीच रुग्ण कमी पडत होते.

"सर, इंग्रजीत हेच लिहिलंय," राजेश्वरी म्हणाली. "फक्त तिथं ते दिसत नाही."

मसुदा पुण्याला गेला. तिथून तो दुसऱ्या एजन्सीकडं गेला. मराठीवरून पुन्हा इंग्रजी करायचं आणि मूळ इंग्रजीशी ताडून पाहायचं, असा नियम. महिना गेला. परत आला तो लाल खुणांनी भरून. छापा-काटा म्हणजे जुगार, चालणार नाही. 'कुणालाच माहीत नाही' हे फार निश्चित, मुळात 'अद्याप सिद्ध झालेले नाही' आहे. 'आग होईल, खाज सुटेल, कातडी लाल होईल' याच्या जागी कुणीतरी 'स्थानिक प्रतिकूल प्रतिक्रिया' परत लिहिलं होतं. शेवटी एक सूचना: मराठी मजकुराच्या वाचनपातळीचा, म्हणजे तो कितवीच्या मुलाला कळेल याचा, आकडा पाठवा. राजेश्वरीनं शोध शोध शोधलं. इंग्रजीचं सूत्र मराठीला लागू पडत नव्हतं; जोडाक्षरं, प्रत्यय लागून लांब झालेले शब्द, त्याचा आकडा भलताच यायचा. तिनं कळवलं, आकडा नाही, पण वाचून दाखवल्यावर लोकांनी काय सांगितलं ते जोडलं आहे. उत्तर आलं, त्यासाठी ठरलेला नमुना नाही.

त्या दिवशी ती टेबलावर डोकं ठेवून बसली. रडू येत नव्हतं, नुसता संताप होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. प्रियंका वाईट नव्हती. एजन्सीतला भाषांतरकार आपलं काम नीट करत होता. शब्दाला शब्द जुळवायचा होता, त्यानं जुळवला होता. प्रत्येकजण बरोबर होता आणि शालूबाईंचं बोट गेलं होतं.

पुन्हा मसुदा गेला, पुन्हा आला. एकेका शब्दावरून पत्रं झाली. छापा-काटा गेला तो गेलाच. 'तुम्हाला कोणतं मलम मिळेल हे संगणक ठरवतो, डॉक्टर नाही' यावर तडजोड झाली. आग आणि खाज परत आली, कारण प्रियंकानं फोनवर वरच्या लोकांना बजावलं की रुग्णाला आग ओळखता आली तरच तो ती सांगेल. नुकसानभरपाईचा परिच्छेद मात्र कंपनीच्या कायदा विभागानं हलू दिला नाही. तो होता तसा राहिला, अर्धं पान लांब, एकच वाक्य. राजेश्वरीनं त्याच्यासाठी तीनदा पर्याय पाठवला. तिन्ही वेळा नकार आला.

कमिटीनं नवीन आवृत्ती मंजूर केली तेव्हा चाचणीत नवे रुग्ण घ्यायची मुदत संपत आली होती. जुन्यांची मात्र पुन्हा संमती घ्यायची होती. हंबीरराव आले, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या वेळी त्यांनी "सही कुठं करू?" एवढंच विचारलं होतं. या वेळी त्यांनी चष्मा लावला आणि पाचव्या पानावर थांबले.

"हे उरलेलं रक्त पुढच्या संशोधनाला ठेवायचं, ह्याला मी हो म्हणलो व्हतो?"

राजेश्वरीनं जुनी प्रत काढून त्यांची खूण दाखवली.

"मला म्हाईतच न्हवतं. मलम चालू दे. रक्त न्हाई."

हा होकार मागं घेता येतो, हेही तिथंच लिहिलं होतं. राजेश्वरीनं नोंद केली आणि ठेवलेलं रक्त नष्ट करायचं पत्र कंपनीला त्याच दुपारी पाठवलं. आणखी एका बाईनं, मलमात औषध नसेलही हे कळल्यावर, चाचणी सोडली. डॉ. जयराज वैतागले, म्हणाले, फॉर्म सोपा केला आणि माणसं कमी झाली. राजेश्वरीनं पुढची फाइल उघडली. तिला बोलायचा कंटाळा आला होता.

शालूबाई चाचणीतून बाहेर होत्या, पण पट्टी बदलायला यायच्या. उपचाराचा खर्च कंपनी करत होती. भरपाईचं प्रकरण कमिटीचं मत घेऊन दिल्लीला औषध नियंत्रकांकडं गेलं होतं. एकदा पट्टी सोडता सोडता राजेश्वरीनं त्यांना नव्या कागदाचं सांगितलं. पहिल्याच पानावर काय लिहिलंय तेही वाचून दाखवलं.

शालूबाईंनी नीट ऐकून घेतलं. "हे कळलं मला," त्या म्हणाल्या. "मग माझ्या टायमाला का न्हाई सांगितलं?"

सांगितलं होतं, असं राजेश्वरीच्या ओठांवर आलं. तिनं जखम सलाइनच्या पाण्यानं धुतली, आणि दुखतंय का ते विचारलं.

"दुखतंय," शालूबाई म्हणाल्या. "लय न्हाई."