वर मशीनचं नाव लिही

मला घरात पसारा चालत नाही. आणि नातवाच्या सॅकमधून त्या दिवशी पलंगावर जे पडलं, त्याला पसारा म्हणणं म्हणजे पसाऱ्याचा अपमान. क्लासच्या झेरॉक्स, चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्या, वह्यांची फाडलेली पानं, रिचार्जच्या पावतीमागे लिहिलेलं समीकरण, एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मानवी डोळ्याची आकृती. शिवाय मोबाइलमध्ये फळ्याचे फोटो वेगळेच.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सायन्सच्या नोट्स."

"या? या नोट्स असतील तर मग रद्दी कशाला म्हणतात रे?"

तो नुसता चिठ्ठ्या गोळा करायला लागला. एरवी माझ्या एका वाक्याला दोन वाक्यं परत करणारा पोरगा. दहावीचं वर्ष, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. ठाण्यात घोडबंदर रोडला त्यांच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चाललेलं, दिवसभर ड्रिल. म्हणून माझ्या मुलाने त्याला अभ्यासाला आमच्याकडे, डोंबिवलीत कोपरला, आणून सोडलेला. मला वाटलं होतं, दोन वेळा गरम जेवण घालायचं की झालं. कसलं काय.

आमची ही देवळात गेलेली. घरात आम्ही दोघंच. तो चिठ्ठ्या चाळत बसला होता आणि मधेच, मान वर न करता म्हणाला, "आजोबा, मी सायन्सच्या पेपरला बसणार नाहीये. बाबांना सांगू नका."

माझं डोकं सटकलं. बसणार नाही म्हणजे काय? मी खिडकीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. मग त्याने सॅकच्या तळातून प्रिलिमचा पेपर काढून दिला. भिंगांची सगळी गणितं चुकलेली. समासात लाल शाईत सरांनी लिहिलेलं : पाठांतर नाही.

"मी पाठ केलेलं आजोबा. खरंच. रात्री पाठ, सकाळी पाठ. तिथे जाऊन सगळं चुकलं. माझ्या डोक्यात राहतच नाही काही. मग बसून उपयोग काय?"

काय सांगणार? मी काही मास्तर नाही. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीत जन्म गेला माझा. भिंगाशी संबंध एवढाच, की पेपर वाचायला एक लागतं. पण पसारा आवरता येतो मला. म्हटलं, आधी हे आवरू, बसायचं की नाही ते नंतर बघू. तो खांदे उडवून "काय यार आजोबा" म्हणाला. यार म्हणे.

पहिलं काम म्हणजे पंखा बंद. घामाच्या धारा लागल्या, पण चिठ्ठ्या जागेवर राहिल्या. पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवली आणि प्रत्येक धड्याच्या नावाचा एकेक कागद पलंगावर मांडला. गुरुत्वाकर्षण, उष्णता, अपवर्तन, भिंगे, असे सगळे. मग एकेक चिठ्ठी उचलायची आणि विचारायची, तू कुठली? मोबाइलमधले फोटोही एकेक उघडून त्यातलं कामाचं तेवढं कागदावर उतरवून घेतलं. एकच गोष्ट तीनदा लिहिलेली निघाली की सगळ्यात पूर्ण असेल ती ठेवायची, बाकीच्यांवर तिरकी रेघ मारून पाकिटात टाकायच्या. फेकायच्या नाहीत, वही तपासून होईपर्यंत एकही फेकायची नाही, हे मी बजावलं. उष्णतेचा ढीग दणदणीत झाला. धातुविज्ञानाच्या कागदावर एकच चिठ्ठी, तीही अर्धवट. "हे बघ," मी म्हटलं, "इथे खड्डा आहे. हे पुस्तकातून भरायचं." तोवर त्याला वाटत होतं सगळीकडेच खड्डा आहे.

पण एक ढीग वाढतच चालला. बेवारस चिठ्ठ्यांचा. नुसतं सूत्र, वर नाव नाही, गाव नाही. मी चिडलो. "कोण म्हणून ओळखायचं याला?"

कारखान्यात आमची एक रीत होती. शिफ्ट सोडणारा माणूस येणाऱ्यासाठी चिठ्ठी ठेवून जायचा. आधी वर मशीनचं नाव, मग काय चालू, काय बंद, काय जपायचं. एकाने एकदा घाईत नुसतं लिहिलं, पट्टा सैल आहे. पुढच्या शिफ्टवाल्याने भलत्याच मशीनचा पट्टा आवळून ठेवला आणि सकाळी तो तुटला. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो कंटाळून ऐकत होता. माझ्या गोष्टी तो तसाच ऐकतो.

मी बेवारस ढिगातल्या दोन चिठ्ठ्या उचलल्या. दोन्हीवर v, u आणि f. एकीवर, एक भागिले v अधिक एक भागिले u बरोबर एक भागिले f. दुसरीवर तेच, पण अधिकच्या जागी वजा.

"यातलं खरं कुठलं?"

"अधिकवालं," तो पटकन म्हणाला. "तेच पाठ केलेलं मी."

"मग वजावालं कोणी लिहिलं? मी?"

दोन्ही अक्षरं त्याचीच. तो गोंधळला. पुस्तक उघडलं. भिंगाच्या सूत्रात वजा होतं. पोरगा पांढरा पडला. मग अधिकवाली चिठ्ठी त्याने उलटी केली, पुन्हा सुलटी केली, पिवळा कागद अगदी डोळ्यांजवळ नेला.

"आजोबा, ही नववीतली आहे. गोलीय आरशाचं सूत्र आहे हे. आरशाला अधिक असतं, भिंगाला वजा."

"आणि तू प्रिलिमला?"

"आरशाचं लावलं. सगळ्या गणितांना."

मी मटकन पलंगावरच बसलो, उष्णतेवर. या पोराच्या डोक्यात राहत नाही म्हणे! जे पाठ केलं ते अक्षरन् अक्षर राहिलेलं. फक्त चिठ्ठीवर मशीनचं नाव नव्हतं. हे मी त्याला सांगितलं, जरा जास्तच मोठ्याने सांगितलं. पण त्याचा विश्वास बसेना. लाल शाईचं वजन फार असतं. तो म्हणाला, "उद्या पुन्हा मिसळलं तर?"

म्हटलं, मग डोळ्यांनी बघ. बाहेर अजून उजेड होता. मी वाचायचं भिंग खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरून मागेपुढे केलं. समोरच्या बिल्डिंगचं गॅलरीतलं धुणं भिंतीवर उलटं उमटलं, बरोबर वीतभर अंतरावर. लांबच्या वस्तूची प्रतिमा नाभीवर पडते हे पुस्तकानेच सांगितलेलं. म्हणजे नाभीय अंतर एक वीत. अंधार पडल्यावर दिवा घालवला, स्टुलावर मेणबत्ती लावली, तिच्यापासून दोन विती भिंग धरलं.

"कर गणित. वस्तू दोन विती."

"वस्तू डावीकडे, म्हणजे u उणे दोन." तो हवेत बोट फिरवत होता. "आरशाचं सूत्र लावलं तर v येतो दोन तृतीयांश वीत. भिंगाचं लावलं तर दोन विती."

"आण भिंत जवळ."

भिंत कशी येणार, तो पुठ्ठा घेऊन आला. भिंगापासून वीतभराच्या आत धरला, तर नुसता प्रकाशाचा डाग. मागे मागे नेत दोन वितींवर गेला आणि ज्योत उमटली. उलटी, स्पष्ट, खऱ्या ज्योतीएवढीच. तो पुठ्ठा हलवून बघत राहिला, पुढे नेला की पुसट, परत आणला की लख्ख. तेवढ्यात ही देवळातून आली आणि अंधारात आम्हा दोघांना मेणबत्तीपुढे वाकलेलं बघून दारातच थबकली. "काय भूत बोलावताय का?" म्हणाली. त्या दिवसात तो पहिल्यांदा हसला.

वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी नातूसाहेबांनी नवी कोरी वही काढली आणि रंगीत पेनांनी पुस्तकच उतरवायला घेतलं. मथळे गुलाबी, व्याख्या हिरव्या, खाली नक्षी. दुपारपर्यंत एक धडा पुरा नाही. मी वही मिटली आणि त्यातलाच एक प्रश्न विचारला. येईना. आमचं जोरात वाजलं. तो म्हणाला, तुम्हीच लिहा मग. मी म्हटलं, मी लिहिली तर परीक्षेला मीच बसतो. ही मधे पडली नसती तर तो त्याच पावली ठाण्याला गेला असता.

राग उतरल्यावर मी विचारलं, "ही वही वाचणार कोण?"

"मीच."

"कधी?"

"पेपरच्या सकाळी."

"मग त्याच्यासाठी लिही. घाबरलेला असेल तो, झोप झालेली नसेल. नक्षी बघणार आहे का?"

मग वही धडपणे सुरू झाली. पहिली पानं अनुक्रमणिकेला कोरी. एका मुद्द्याला एकच पान, वर मुद्द्याचं नाव आणि पुस्तकातला पानक्रमांक. डाव्या बाजूला चार बोटं रुंद पट्टी आखून तिच्यात फक्त प्रश्न, उजवीकडे उत्तर, स्वतःच्या शब्दांत, थोडक्यात. सूत्र लिहिलं की त्याखाली प्रत्येक अक्षर म्हणजे काय, एकक काय, आणि एक सोडवलेलं गणित. तळाशी एक ओळ : इथे चुकतो. आरसा आणि भिंग त्याने समोरासमोरच्या पानांवर लिहिले आणि भिंगाच्या तळाशी लिहिलं, मेणबत्ती आठव. पान झालं की उजवी बाजू पुठ्ठ्याने झाकायची, प्रश्न मी विचारायचे. अडला की समासात एक टिंब. दुसऱ्या दिवशी आधी टिंबवाली पानं. धातुविज्ञानाच्या पानांवर टिंबंच टिंबं पडली, मग कमी होत गेली. पण पेपरला बसणार का, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. माझी झोप उडालेली. हिला वाटे, मला पित्त झालंय.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी बाप येऊन त्याला घेऊन गेला. सकाळी चहाच्या वेळी मी टेबलाकडे बघतो तर काय, वही तिथेच. चपला घातल्या, वही पिशवीत टाकली. ही म्हणाली, "घोडबंदरला पोचेपर्यंत पेपर सुटेल. फोन करा आधी."

त्याने उचलला. आवाज बारीक. "आजोबा, वही राहिली."

"मी येतो घेऊन."

"नको. तुम्ही पुठ्ठा धरा. विचारा."

मी चपलांसकट खुर्चीत बसलो आणि डावी पट्टी वाचायला लागलो. तो उत्तरं देत होता. उष्णता झाली, अपवर्तन झालं. भिंगाचं सूत्र विचारलं आणि तो अडला. माझ्या ओठांवर उत्तर आलेलं.

"सांगू का रे?"

"थांबा, सांगू नका." पलीकडे तो हवेत बोट फिरवत असणार. "वजा. दोन विती. उलटी ज्योत, तेवढीच."

"बरोबर."

"ठेवतो आजोबा. पेपरला निघायचंय, उशीर नको व्हायला."

फोन बंद झाला. पुढच्या पानावरचा प्रश्न मी तरीही मोठ्याने वाचला. ही चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "अहो, गेला तो. आता चपला काढा."