गुडघा लिहा

दोन हजार चोवीस साल होतं आणि मला एकाहत्तर वर्षं झाली होती. चंदीगडला लेकाकडे राहत होतो. लेक हवाई दलात. सरकारी क्वार्टरला अजून नंबर लागला नव्हता, म्हणून मनीमाजऱ्यात एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतलेला. खाली घरमालकीण, वर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर गच्ची.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण फौजेत रंगरुटांना कवायत शिकवली आहे आणि साताऱ्याकडची आमची जुनी मंडळी मला आजही उस्ताद म्हणतात. मी कुणाच्या दारात काही मागायला गेलो नाही, आणि माझ्या दारात कुणी उगाच ओरडलेलं मला खपत नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं ह्याच्यामुळेच झालं.

सून फिजिओथेरपिस्ट आहे. हाताला गुण आहे तिच्या. पण नवऱ्याच्या बदलीबरोबर तिचंही बिऱ्हाड उठतं. एका गावात पेशंट जमवायचे, त्यांचा विश्वास बसायला लागला की सामानाचा ट्रक दारात उभा. एकदा मला म्हणाली, "आबा, पेशंटला काय सांगू? गुडघा उचला आणि चला माझ्यामागे?" म्हणून तिनं इंस्टाग्रामवर पान उघडलं. म्हाताऱ्या माणसांसाठी मराठीत व्यायाम. पान चाललं तर व्हिडिओ कॉलवर वर्ग घ्यायचा. तो वर्ग कुठल्याही बदलीला तिच्याबरोबर जाणार होता.

"एक महिना बघते," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "नाही जमलं तर सेक्टर चौतीसमध्ये एका दवाखान्यात जागा आहे, ती धरते. पुढच्या बदलीला सोडते पुन्हा." म्हणाली हसत, पण मान वर केली नाही.

तिनं गुडघ्याच्या व्यायामाची एक पुस्तिका केली होती. मोठी अक्षरं, साधी भाषा, खुर्ची आणि टॉवेल एवढंच सामान. फोटोत व्यायाम करून दाखवणारा माणूस मी. मी कबूल झालो ते एका अटीवर. "मी दाखवणारा आहे. पेशंट नाही. माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही."

"बरं आबा," सून म्हणाली.

खरं तर जिना उतरताना मी कठडा धरायचो. खालून घरमालकीण आली की तिथंच थांबून आकाशाकडे बघायचो, जणू पावसाचा अंदाज घेतोय.

पुस्तिका फुकट द्यायची होती. व्हिडिओखाली कुणी "गुडघा" असं लिहिलं की सुनेनं लावलेली यंत्रणा तो शब्द ओळखते आणि त्या माणसाला आपोआप खाजगी मेसेज पाठवते. मेसेजमध्ये एक बटण. ते दाबलं की पुस्तिका. मराठीत लिहा नाहीतर इंग्रजी अक्षरांत लिहा, दोन्ही तिनं भरून ठेवलं होतं. मला एवढंच करायचं होतं की व्यायाम दाखवून झाला की कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं, खाली गुडघा लिहा.

मी म्हटलंच नाही. गच्चीवर खुर्ची मांडून टाच वर, टाच खाली, सगळं तालात दाखवलं आणि शेवटी म्हणालो, "ज्याला गरज असेल तो विचारेल. जय हिंद."

लोकांनी बघितलं, मिशांचं कौतुक केलं, हात जोडलेली चित्रं टाकली. पुस्तिका कुणीच मागितली नाही. मागणार कसे? पुस्तिका आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"आबा, दुकान उघडलं आणि पाटीच लावली नाही आपण," सून म्हणाली.

"मी काय हाका मारू? केळी घ्या केळी?"

इकडे महिना सरत होता. पान कसं वाढवायचं हे शिकवणाऱ्या कुणाकडून तरी तिनं तयार वाक्यं आणली आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या मागे धरली. तिचा चेहरा बघून मी वाचलं. "थांबा! पुढे जाऊ नका! आत्ताच्या आत्ता खाली गुडघा लिहा! फक्त आजच! उद्या ही संधी मिळणार नाही!"

वाचताना माझेच कान तापले. गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेली घरमालकीण म्हणाली, "बाऊजी, कुछ बेच रहे हो क्या?"

मेसेजही त्याच कुठल्यातरी नमुन्याचा होता. बटण दाबलं की आधी फोन नंबर मागायचा, मग पुस्तिका द्यायची, आणि संध्याकाळी पुन्हा एक मेसेज, वर्गातली तुमची जागा जाते आहे म्हणून. लाज वाटली म्हणून मी ह्या व्हिडिओचं कुणालाच सांगितलं नाही. आमच्या फौजेतल्या ग्रुपवरही टाकला नाही.

दोन-तीन दिवसांनी माझ्या जुन्या जोडीदाराचा फोन आला. आम्ही एकाच पलटणीत होतो. आता तो कराडकडे असतो.

"उस्ताद, बसलायस न्हवं? बसून ऐक. तुझा फोटू चोरलाय कुणीतरी."

"कसला फोटो?"

"आरं, हुबेहूब तू. मिशा तुझ्या, आवाज तुझा. आजकाल मशीनवर करत्यात म्हणं. आन् बोलतंय काय, तर आत्ताच्या आत्ता लिवा, उद्या मिळणार न्हाई! मी म्हटलं, आपला उस्ताद मरंल पण आसं बोलायचा न्हाई. मग लिवून बघितलं, तर फोन नंबर मागतंय! पक्का फ्रॉड. आपल्या सगळ्या पोरांनी खाली लिवलंय, सावधान, लिंक दाबू नका. तक्रार बी ठोकलीया. तू काळजी करू नगंस."

आमची पोरं म्हणजे सत्तरीच्या आसपासची. त्यांनी माझी अब्रू राखली होती आणि सुनेचं पान बुडवत आणलं होतं.

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडावर आलं होतं की हो बाबा, चोरलाच कुणीतरी. तेवढं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. पण दार अर्धं उघडं होतं आणि आत सून फोन हातात घेऊन बसली होती. तिनं त्या ओळी वाचल्या होत्या. फ्रॉड, फ्रॉड, फ्रॉड. आपल्या हुशारीनं पोटाला मिळवणाऱ्या बाईला लोकांनी चोर म्हणावं, आणि ते माझ्याच माणसांनी.

"तो मीच आहे," मी म्हणालो.

तो म्हणाला, "आरं मर्दा. मग तसं का बोललास?"

त्याला सगळं सांगितलं. त्यानं ग्रुपवर कळवलं, आणि ज्यांनी ज्यांनी लिहिलं होतं त्यांनी ते काढून टाकलं. सुनेनं तो व्हिडिओच काढला. म्हणाली, "जाऊ दे आबा. उद्या त्या दवाखान्यात फोन करते."

"करशील. आधी मला एकदा माझ्या तोंडानं बोलू दे."

"तुमच्या तोंडानं म्हणजे जय हिंद करून खाली बसणार."

"नाही बसणार."

गच्चीवर दोघं बसलो. मी म्हणालो, मी कुणाला ढकलणार नाही. ती म्हणाली, ढकलू नका, पण आहे एवढं कळू तर द्या. मी म्हणालो, फोन नंबर मागायचा नाही. ती लगेच कबूल झाली. मग मी म्हणालो, मेसेज मशीन पाठवतं हे बोलायचं नाही, तुसडं वाटतं. ह्याला ती अडून बसली. "आपोआप आलाय हे सांगितलंच पाहिजे आबा. नाहीतर माणसाला वाटतं की कुणी बसून लिहिलंय, आणि नंतर कळलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं." तिचं खरं होतं. मी ते मान्य केलं, आणि मी सहसा मान्य करत नाही.

समोर फोन नाही, कराडचा जोडीदार बसलाय असं धरून मी बोललो. आधी एक व्यायाम पुरता दाखवला. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडं थांबायचं, हळू खाली घ्यायचा. मग म्हणालो, "असे आणखी व्यायाम माझ्या सुनेनं एका पुस्तिकेत घातलेत. ती फिजिओथेरपिस्ट आहे. पुस्तिका फुकट आहे. हवी असेल तर खाली गुडघा लिहा, मेसेजमध्ये येईल. नको असेल तर आत्ता दाखवला तेवढा रोज करा, तोही चांगला आहे. गुडघा सुजला असेल किंवा पडल्यामुळे दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टरला दाखवा." शेवटचं वाक्य तिनं घालायला लावलं.

मेसेज तिनं लिहिला आणि मला वाचून दाखवला. "नमस्कार. तुम्ही व्हिडिओखाली गुडघा लिहिलंत, म्हणून हा मेसेज आपोआप आला आहे. पुस्तिका हवी असेल तर खालचं बटण दाबा. आम्ही पुन्हा पुन्हा मेसेज करणार नाही. काही विचारायचं असेल तर इथेच लिहा, ते मी स्वतः वाचते." वर्गाची माहिती पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, एवढ्याशा जागेत. मधे कुठं नाही.

ह्या वेळी व्हिडिओ मी स्वतः ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, हा खरा मीच आहे.

हळूहळू लोक लिहायला लागले. कुणाची लेक, कुणाचा जावई. काहींनी विचारलं, आलं नाही की हो. ते पानाशी जोडलेले नव्हते, त्यांचा मेसेज अनोळखी मेसेज ठेवतात त्या रिक्वेस्टच्या खणात जाऊन पडला होता. सुनेनं एकेकाला तिथं बघायला सांगितलं. पण आमच्या पलटणीतलं एकही नाव दिसेना. जोडीदाराला फोन लावला.

"मी न्हाई लिवणार," तो म्हणाला.

"अजून फ्रॉड वाटतंय?"

"फ्रॉड न्हाई रं. समद्यांसमोर गुडघा लिवायचं म्हंजी... पोरं म्हणतील, संपलं म्हातारं."

मला हसू आलं नाही. मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, अरे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. लगेच व्हिडिओच्या खालच्या मजकुरात तिनं एक ओळ वाढवली: इथे सगळ्यांसमोर लिहायचं नसेल तर हाच शब्द आम्हाला थेट मेसेजमध्ये लिहा, पुस्तिका तशीही येईल. यंत्रणेत तशी सोयही केली.

जोडीदारानं त्याच दिवशी गुपचूप मेसेज केला. कुणी केला हे सून मला सांगणार नव्हती, तिच्या धंद्यात ते बसत नाही. त्यानंच फोन करून सांगितलं. म्हणाला, टॉवेलवाला व्यायाम बायकोनंही केला.

संध्याकाळी सून माझ्यापुढे चहा ठेवून उभी राहिली. "आबा, सात जणांनी वर्गाचं विचारलंय. शेवटचं पान वाचून, आपणहून." मग म्हणाली, "दवाखान्यात नाही म्हणून कळवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपले असताना मी कठडा धरून गच्चीवर गेलो. चष्मा पुसला. स्वतःच्या नावानं, सगळ्यांना दिसेल असं, त्या व्हिडिओखाली एका बोटानं लिहिलं: गुडघा. लगेच मेसेज आला. बटण दाबलं. पुस्तिका उघडली, पहिल्या पानावर मीच खुर्चीत बसलेला. मी खुर्ची भिंतीला टेकवली आणि त्या माणसासारखा पाय सरळ केला.