कडेवरचा डाग

आमच्या व्याह्यांसारखा माणूस पुन्हा होणे नाही, असं मी म्हणणार नाही, कारण एक झाला तेवढा सिल्वासाला पुरे आहे. हा गृहस्थ स्वतःच्या कपाटापुढे उभं राहायच्या आधी साबणाने हात धुतो, पुसतो, वाळेपर्यंत पंख्याखाली धरतो आणि मगच नाण्याला हात लावतो. तोही दोन बोटांनी, फक्त कडेला. टेबलावर चौघडी टॉवेल, म्हणजे पडलं तरी नाण्याला लागू नये. जेवायला बसताना हात धुवायची आठवण मात्र त्यांना आमची सून, म्हणजे त्यांची मुलगी, अजून करून देते.

व्याही सरकारी शाळेत मास्तर होते, मूळचे डहाणूकडचे. मी धुळ्याचा. शाळा मी चौथीत सोडली आणि शाळेनेही फार आग्रह केला नाही. आधी मामाच्या हाताखाली भांड्यांना डाग दिले, मग राखोलीच्या धाग्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर. त्यामुळे व्याही बोलायला लागले की मधेमधे माझं व्याकरण सुधारतात, आणि मी त्यांच्या घरातले नळ.

नाण्यांच्या बाबतीत त्यांचे कायदे फार कडक. प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या चौकटीत, मधे पारदर्शक खिडकी, चारी बाजूंनी पिना, आणि त्या पिनाही पकडीने दाबून सपाट केलेल्या. का, तर शेजारच्या नाण्याला ओरखडा जाऊ नये. चौकटीवर बारीक अक्षरात लिहिणार: कुठलं, किती ग्रॅम, कुठे मिळालं, कोणाकडून. आणि नाणं घासायचं नाही, हा सगळ्यात मोठा कायदा. वर जो काळपट थर चढतो तो नाण्याचं वय असतो म्हणे. एका दिवाळीत आमच्या विहीणबाईंनी, त्या आता नाहीत, देवाच्या तांब्या-पळीबरोबर एक पोर्तुगीज तांब्याचं नाणंही चिंचेने घासून लखलखीत केलं. मास्तर त्या दिवशी फराळाला बसले नाहीत. "अहो, स्वच्छच केलंय ना!" असं विहीणबाई म्हणाल्या, तर हे म्हणतात, "तू त्याचं तोंड धुतलं नाहीस, त्याची स्मरणशक्ती पुसलीस." मी लाडू खात होतो, मला ठसका लागला.

आता झालं काय, की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मास्तर नाण्यांचे फोटो टाकायला लागले. फोटोही कसे? खिडकीजवळ, तिरप्या उजेडात, खाली काळं कापड, दोन्ही बाजू वेगवेगळ्या. आणि खाली एक ओळ. मग आमच्याकडची मंडळी तुटून पडायची. पुतण्या लिहायचा, "काका, याचे लाखात येतात ऑनलाइन." जावई लिहायचे, "विकणार असाल तर सांगा." मी मागे कशाला राहू? मीही एकदा लिहिलं, "भंगारात किती येतील?" मला वाटलं हसतील. मास्तरांनी उत्तर दिलं, "मी नाणं दाखवलं आहे, दुकान उघडलेलं नाही," आणि ग्रुप सोडला. पाठोपाठ दर रविवारचं आमच्याकडे येणंही सोडलं.

चार रविवार गेले. सून भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा, माझ्या आप्पांनी सगळे अल्बम खोक्यात भरलेत. कोणाला तरी देऊन टाकतो म्हणतात. घरात नुसते बसून असतात."

"मग मी काय करू? पाया पडू?"

"पाया नका पडू. मी त्यांना सांगितलंय, एक फोटो फक्त बाबांना पाठवा. आला की नीट बघा, आणि जे दिसेल त्याबद्दल विचारा. किंमत सोडून काहीही."

माफी मागणं माझ्या अंगात नाही. पण बघायला काय हरकत आहे? संध्याकाळी फोटो आला. खाली एक अक्षर नाही, मास्तर अजून फुगलेलेच. चांदीचा पोर्तुगीज रुपया. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि ढाल. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. राजाचे नाक-कान पार गुळगुळीत, मुकुटावरचे मणी मात्र मोजता येत होते. आणि राजाच्या मानेखाली, अगदी कडेवर, एक बारीकसा फुगीर ठिपका. तो ठिपका मी ओळखला. अर्धं लहानपण मी तेच करत होतो. मोठ्या मेहनतीने एका बोटाने टाइप केलं: "व्याहीबुवा, कडेला डाग आहे. कोणाचा?"

माझ्या मते इतकं शहाणं वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मास्तर दारात. चप्पल न काढता. हातात ती पुठ्ठ्याची चौकट, भिंग आणि डोळ्यांत आग. "डाग? माझ्या नाण्याला डाग? कोणाचा म्हणून विचारता? अहो, चाळीस वर्षं मी याला घामाचं बोट लागू दिलं नाही!"

"डाग म्हणजे डाग हो, मास्तर! भांड्याला देतात तो, धातू वितळवून. कडी बसवायला."

मास्तर थबकले. मग चप्पल काढली. "त्याला डाख म्हणतात. ख खटाऱ्याचा."

"तुमच्यात ख असेल. आमच्या मामाच्या दुकानात ग होता आणि भांडं गळत नव्हतं."

सुनेने टॉवेल अंथरला. मास्तरांनी हात धुतले, पिना काढल्या, नाणं कडेने धरून उन्हात आणलं. मी भिंगातून दाखवलं. "हा ठिपका, इथे सोनाराने कडी बसवलेली होती, नंतर काढून कानस मारली. म्हणजे हे गळ्यात होतं. आता बघा, कडी राजाच्या मानेखाली. म्हणजे गळ्यात राजा उलटा, डोकं खाली. आणि झिजलाय राजाच, म्हणजे तोंड आत, लुगड्याला घासत. बाहेर मुकुट. कोणा बाईने तुमच्या पोर्तुगालच्या राजाला जन्मभर उलटा टांगला होता, व्याहीबुवा."

मास्तर कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिले. मग खदखदून हसले, इतके की सून स्वयंपाकघरातून धावत आली. "पुस्तकात शिक्का बघितला, वजन बघितलं," ते म्हणाले, "कड कधी बघितलीच नाही." आणि चौकटीवरच्या रिकाम्या जागेत त्यांनी लिहिलं. मी वाकून बघितलं. "डाग" लिहिलं होतं, ग घालून.

मग ते सांगायला लागले. किलवणीला बदली होती तेव्हा एक वारली आजी शाळेत नातवाला सोडायला यायची. गळ्यातली माळ तुटली तेव्हा तिने हा एक रुपया मास्तरांच्या हातावर ठेवला होता, नातवाला बाराखडी आली म्हणून. मास्तरांनी नको म्हटलं, तर ती तिथेच ओट्यावर बसून राहिली. दोन तास ते बोलत होते. चहा दोनदा गार झाला. जाताना म्हणाले, "कोणाचा, असं कोणी विचारलंच नव्हतं हो आजवर."

खोकी पुन्हा उघडली गेली. आता दर दोन दिवसांनी मला फोटो येतो, मला एकट्याला. मी कड बघतो, झीज बघतो, भोक का पाडलं ते विचारतो, आणि ते रविवारी येऊन सांगतात. नाणी काय, किती असणार? हल्ली काही फोटो दुसऱ्यांदा येतात. त्यांच्या ते लक्षात नसतं. परवा तोच चांदीचा रुपया आला, राजा, मुकुट, सगळं तेच. मी चष्मा पुसला, फोटो मोठा केला आणि लिहिलं, "व्याहीबुवा, कडेला डाग दिसतोय. कोणाचा?"