साडेअकरा वजा साडेतीन

बायको पुण्यात दंतवैद्य होती. नेदरलँड्सला आल्यावर ती दंतवैद्याची मदतनीस झाली. म्हणजे दुसऱ्याच्या हातात हत्यारं द्यायची, ती धुवायची, वाफेच्या यंत्रात लावायची आणि पेशंटला डचमध्ये सांगायचं की आता जरा टोचेल. टोचणारा तिच्याहून आठ वर्षांनी लहान होता. या देशात स्वतःची खुर्ची मिळवायची तर आधी डच भाषेची परीक्षा, मग विषयज्ञानाची, मग प्रत्यक्ष हातांची, आणि तयारीसाठी काही महिने नोकरी सोडून बसायचं. तेवढे पैसे आम्ही बाजूला ठेवले होते. त्या खात्याला आमच्या घरात नावच ‘खुर्ची’ होतं.

भाषेची आणि विषयज्ञानाची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. मग महामारी आली आणि हातांच्या परीक्षा बंद पडल्या. एकमेकांच्या तोंडात बघणं हाच ज्या धंद्याचा पाया, तो त्या दिवसांत कोण चालू ठेवणार? पत्रं येत राहिली, दर वेळी नवा महिना, दर वेळी प्रतीक्षायादी. बँक ठेवीवर एक सेंट व्याज देत नव्हती. मी डीमन गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून ऑफिसचं काम करत होतो आणि मला ते पडून राहिलेले पैसे बघवत नव्हते. बायकोला विचारलं. ती म्हणाली, तुला कळतं ना त्यातलं, मग बघ. मला कळत नव्हतं. पण तेव्हा व्याजदर शून्याला टेकलेले होते, पैसा स्वस्त होता, आणि डोळे मिटून काहीही घेतलं तरी वाढत होतं. वाढत्या भावात प्रत्येक जण हुशार असतो. मी तर स्वतःला फारच हुशार समजायला लागलो आणि ‘खुर्ची’ क्रिप्टोत, म्हणजे आभासी चलनांत, नेली.

मग महागाई आली. अमेरिकेचा महागाईचा आकडा महिन्यातून एकदा आमच्या दुपारी अडीचला जाहीर व्हायचा. आकडा अंदाजापेक्षा मोठा आला की बाजार समजायचा, आता तिथली मध्यवर्ती बँक व्याज आणखी वाढवणार. डॉलर वर, शेअर खाली, आणि शेअरच्या मागोमाग क्रिप्टो दुप्पट खाली. जून महिन्यात मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून हे पाहिलं. अडीच वाजायच्या आधी मिनिटभर खरेदी-विक्रीच्या ऑर्डर्स विरळ होतात, मोठे लोक हात काढून घेतात. आणि मग आकडा. काही सेकंदांत ‘खुर्ची’चा एक पाय मोडला.

पुण्यातला माझा कॉलेजचा मित्रही हेच करत होता. तो म्हणाला, आता उलट खेळ, पडण्यावर लाव. जुलैच्या अखेरीस अमेरिकेच्या बँकेने व्याज घसघशीत वाढवलं. मी पडण्यावर लावलं होतं आणि भाव चढला. का, तर तेवढी वाढ होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, उलट बँकेच्या अध्यक्षांचं बोलणं जरा मवाळ वाटलं. आकडा महत्त्वाचा नसतो, अंदाज आणि आकडा यांतलं अंतर महत्त्वाचं असतं, हे मला दुसरा पाय मोडल्यावर कळलं. सप्टेंबरच्या आकड्याने तिसरा मोडला. हे सगळं बायकोला अर्धवट माहीत होतं. ती विचारायची नाही आणि मी सांगायचो नाही, आणि आम्ही दोघंही याला विश्वास म्हणायचो.

म्हणून मी नियम केला. जाहीर होण्याच्या क्षणी बाजारात असायचंच नाही. ऑक्टोबरच्या शेवटी हवा अशी होती की बँक आता व्याजवाढीचा वेग कमी करणार. या आशेवर आधीचे काही दिवस भाव हळूहळू चढत होते. ती चढण पकडायची आणि बँकेच्या व्याजाच्या घोषणेच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर पडायचं, बस. उरलेले सगळे पैसे तारण ठेवून मी वीसपट रकमेचं इथर हे क्रिप्टो चलन घेतलं. वीसपट म्हणजे भाव पाच टक्केही उलटा जायची गरज नाही, त्याच्या आतच एक्सचेंज तुमचा सौदा स्वतः बंद करून तारण संपवतं. ठरावीक भावाला आपोआप विकणारा स्टॉप मी लावला नाही, कारण सप्टेंबरनंतर एकदा भाव नेमका तिथे टेकून, माझं विकून, परत वर गेला होता. दुधाने पोळलं म्हणून ताक फुंकायला गेलो आणि भांडंच उपडं केलं, असा माझा शहाणपणा.

घोषणेच्या आदल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली. फोन आपोआप बदलतो. ओव्हनचं घड्याळ हाताने बदलावं लागतं, आणि ते काम आमच्याकडे माझं. मी ते कौतुकाने केलं. माझी नोकरीच वेळेची आहे. एका माल वाहतूक कंपनीत मी ट्रक कुठे किती वाजता पोचला याच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहितो. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो की स्थानिक वेळेवर विश्वास ठेवू नका, सगळं जागतिक वेळेत ठेवा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बुधवारी दुपारी मित्राचा मेसेज आला. ‘रात्री साडेअकरा. घोडामैदान जवळच आहे.’

परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांच्या डोक्यात एक वजाबाकी कायम चालू असते. आईला फोन करायचा, तिकीट काढायचं, मॅच बघायची, प्रत्येक वेळी साडेतीन. उन्हाळाभर मी तेच करत आलो होतो. साडेअकरा वजा साडेतीन, म्हणजे आठ. आणि आठ हे मला तसंही पाठ होतं, कारण बँकेची घोषणा इथल्या आठलाच होते. उत्तर ओळखीचं आलं म्हणून मी गणित तपासलं नाही. पण रविवारपासून अंतर साडेचार झालं होतं. अमेरिकेची घड्याळं आमच्यानंतर आठवड्याने बदलतात. पुण्याची कधीच बदलत नाहीत. त्या एका आठवड्यात घोषणा सातला होती. मित्राने बरोबर वेळ सांगितली होती. ओव्हनही बरोबर होता. आपल्याच हाताने फिरवलेला काटा मी डोक्यात फिरवायला विसरलो.

बुधवारी संध्याकाळी मुलीचा पोहण्याचा वर्ग असतो. पावणेसात ते साडेसात. या देशात मूल कालव्यात पडलं तर कपड्यांसकट तरंगलं पाहिजे, म्हणून पोरांना बूट-पँटसह पोहायला लावतात. आईबाप काचेमागे कॉफी घेऊन बसतात. बायकोचा एकच हट्ट होता, की तिथे फोन बघायचा नाही. पोरगी प्रत्येक फेरीनंतर काचेकडे बघते. एरवी मी तो हट्ट मोडायचो. त्या दिवशी पाळला. आठला वेळ आहे, पावणेआठला सौद्यातून बाहेर पडू, असं म्हणून फोन पिशवीत टाकला आणि पाऊण तास चांगला बाप झालो. ती भिजलेल्या बुटांसकट हात मारत होती, काचेकडे बघत होती, मी अंगठा दाखवत होतो. मला खरंच आनंद झाला होता. तो आनंद आज आठवला की मला स्वतःचा राग येतो.

साडेसातनंतर तिचे केस पुसले, जॅकेट घातलं आणि फोन काढला. पहिलं वाटलं, ॲप बिघडलंय. मग ईमेल दिसला: तुमचा सौदा बंद करण्यात आला आहे. चार्टवर सगळी गोष्ट लिहिलेली होती. सातला लेखी निवेदन आलं, त्यात वेग कमी करण्याबद्दल काही मऊ शब्द होते, भाव टणकन वर गेला. पंचवीस-तीस मिनिटं मी चांगल्या नफ्यात होतो. साडेसातला अध्यक्ष पत्रकारांसमोर बसले आणि व्याजवाढ थांबवण्याचा विचार करणंही घाईचं होईल अशा अर्थाचं बोलले. भाव आला तसा खाली गेला, आणि तिथे न थांबता आणखी खाली. मी पोरीच्या कानातलं पाणी टिपत होतो तेव्हा ते संपलं होतं.

“Papa, did you see? I did it with shoes,” ती म्हणाली. मी म्हटलं, बघितलं गं, सगळं बघितलं.

सायकलवर ती मागे बसून गात होती. घरी आलो तेव्हा ओव्हनवर बरोबर आठ वाजले होते. बायको भात लावत होती. मी तिला लगेच सांगितलं. धीर होता म्हणून नाही, चेहऱ्यावर लपवायला जागा उरली नव्हती म्हणून. घड्याळाचंही सांगितलं, सविस्तर, साडेतीन आणि साडेचार, जणू चूक नीट समजावली की ती कमी होणार होती. तिने कुकरखालचा गॅस बारीक केला.

“म्हणजे खुर्ची गेली?” तिने विचारलं.

“गेली.”

“सगळी?”

मी मान हलवली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, हे सगळे नवरे म्हणतात, पण ते खोटं आहे. मला तिने भांडायला नको होतं आणि ती भांडली नाही. तिने पोरीला जेवायला वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टसाठी गणवेश इस्त्री केला. तिचे हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. बोटं अजूनही तशीच होती, हत्यार अगदी हलकं धरणारी. इस्त्रीही ती तशीच धरायची.

मित्राने दुसऱ्या दिवशी फोन केला. तोही बुडाला होता, पण वेळेवर, असं तो हसत म्हणाला. मी फोन ठेवला. त्यानंतर आमचं फारसं बोलणं झालं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी पत्र आलं. अडीच वर्षं ज्याची वाट पाहिली ते. महामारीतला साठलेला अनुशेष निघाला होता आणि हातांच्या परीक्षेसाठी तिला वसंतात जागा मिळाली होती. फी भरून अमुक दिवसांत कळवा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. मी म्हटलं, कर्ज काढू. तिने विचारलं, आणि घरभाडं? तिच्या पगाराशिवायचे ते महिने आम्ही दोनदा मांडून पाहिले. दोन्ही वेळा मीच मांडले आणि दोन्ही वेळा हिशेब अगदी बरोबर होता: जमत नव्हतं.

तिने लॅपटॉप उघडून उत्तर लिहिलं. जागा दिल्याबद्दल आभार, वैयक्तिक कारणांमुळे स्वीकारता येत नाही. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. इथे आलो त्या वर्षी तिचे डच ईमेल मी तपासून द्यायचो, ती सवय राहिली होती. मी ते चार ओळींचं पत्र तीनदा वाचलं. एखादी चूक सापडावी, ती दुरुस्त करावी लागावी, तेवढा तरी वेळ जावा, म्हणून शोधत होतो. एकही चूक नव्हती. मी तसं सांगितलं. तिने पाठवायचं बटण दाबलं आणि पोरीचा उद्याचा डबा भरायला उठली.