डिलिव्हरी फुकट

माझ्या मोठ्या जाऊबाई नंदनवन वस्तीतल्या घरी बसून क्रोशाचे बटवे विणतात. किंमत चाळीस रुपये. ते ऑनलाइन विकायची जबाबदारी माझी, कारण घरात शहाणी मीच.

सुरुवातीला आम्ही पार्सलमागे सरसकट साठ रुपये घ्यायचो, मग पाकिटात एक बटवा असो की तीस. पण लोक बटवा निवडायचे, पैसे भरायच्या पानावर यायचे, साठ बघायचे आणि पळायचे. चाळीसच्या वस्तूला साठ पाठवणावळ! मलाही पटलं नसतं. म्हणून दिवाळीनंतर मी ते साठ किमतीतच घातले. बटवा शंभरला, डिलिव्हरी फुकट.

जाऊबाई म्हणाल्या, "शंभरले कोण घेईन वं?"

घेतले की! तोच शंभर, पण 'फुकट' शब्द दिसला आणि ऑर्डरी धडाधड आल्या. मी थक्क झाले. आठ दिवस घरात माझाच तोरा होता.

भंडाऱ्याकडच्या एका गावातल्या अंगणवाडीच्या मदतनीस बाई आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. दर संक्रांतीला वाणासाठी तीस बटवे घेत आणि हळदीकुंकू झालं की फोन करून कौतुक सांगत. जाऊबाई त्या फोनची वाट बघायच्या. यंदा ऑर्डर आली तेरांची, मी पाठवून दिली. फोन मात्र आला नाही. रथसप्तमीही होऊन गेली, तेव्हा जाऊबाईंनीच लावला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"झालं ना हळदीकुंकू?" जाऊबाईंनी विचारलं.

"झालं ना ताई. पण यंदा तेराच जणी बोलावल्या. तेराशेच होते माह्याजवळ, तेवढ्यात तेराच आले. एकीले वाण द्यावं अन् एकीले नाही, बरं दिसत नाही. म्हणून बाकीच्या सतरा जणींले सांगितलंच नाही."

"मले एक फोन त करायचा," जाऊबाई म्हणाल्या.

"तुमीबी कष्टच करून राहिल्या. दाम कमी करा म्हणून कसं म्हणू?"

मी मनात हिशेब केला. पूर्वी तीस बटवे बाराशेचे आणि वर साठ. मी मात्र एकाच पाकिटाची पाठवणावळ प्रत्येक बटव्यावर लावून बसले होते. तीसच्या तीस वेळा! एकेक बटवा घेणाऱ्या अनोळखी लोकांसाठी मी हे केलं आणि घाऊक घेणाऱ्या आमच्याच बाईचा विचारही मनात आला नाही. मला स्वतःची लाज वाटली.

तिथेच बसून मी बदल केला. दहाच्या आत बटवे घेतले तर शंभरला एक, डिलिव्हरी फुकट. दहा किंवा जास्त घेतले तर चाळीसला एक आणि पूर्ण पार्सलचे मिळून साठ. पाच मिनिटांचं काम होतं.

जाऊबाईंनी मोबाइल हातात घेऊन ते नीट वाचलं. रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"हे संक्रांतीच्या आधी काहून नाही केलं वं?" त्या म्हणाल्या.