शेड दोनचं जुनं तापमान

या उन्हाळ्यात एका भर दुपारी कवठे येमाईतल्या, चारी बाजूंनी बंद असलेल्या कोंबडी शेडचे पंखे मंदावले आणि पुन्हा वेग घेईनात. ते चालवणारा आमचा प्रोग्रॅम तिथल्या पॅनेलमध्ये होता. मी सणसवाडीच्या ऑफिसात होतो. मला दिसत होता फक्त लॉग, म्हणजे प्रोग्रॅम स्वतः लिहीत जातो त्या नोंदी. त्यात त्या दुपारची एकही ओळ नव्हती.

"आप्पा, इथं एरर काहीच दिसत नाही," मी शेडमालकांना फोनवर म्हणालो.

"मग कोंबड्या नाटक करत्यात व्हय? चोची वासून पडाया लागल्यात. आन् पंखं हातानं वाढवावं, तर पॅनेलची चावी घेऊन मॅनेजर दौंडला गेलाय!"

नोंदी पॅनेलमधल्या सिमवरून माझ्याकडे येत; त्याचा डेटा कमी खर्च व्हावा म्हणून लॉगची पातळी 'एरर'वर ठेवली होती. त्याहून सौम्य इशारे लिहिलेच जात नव्हते. मी इथूनच पातळी 'वॉर्निंग'वर आणली. ओळ आली: "शेड २, सेन्सर १: उत्तर नाही. मागचं तापमान २६ धरलं. पंखे कमी वेगात."

कुठं बिघडलं, काय बिघडलं आणि प्रोग्रॅमनं त्यावर काय केलं, हे सगळं तिच्यात होतं. नुसतं 'सेन्सर बिघडला' असतं, तर कुठला ते शोधण्यात दुपार गेली असती.

मी सेन्सर १ वगळला. पुढची ओळ आली: "शेड २, सेन्सर २: तापमान ३९, मर्यादेबाहेर. सगळे पंखे पूर्ण वेगात."

आप्पांचा फोन चालूच होता. त्यातून पंख्यांचा आवाज वाढलेला ऐकू आला. किती कोंबड्या वाचल्या, ते तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.